एकाच माणसाचे दोन सीटी आकडे, २३ आणि २९: विषाणू खरोखर ६४ पटींनी कमी झाला का?

पारिजात

माझ्या धाकट्या भावाला कोविड झाला होता. आता तो पूर्ण बरा आहे, त्यामुळे हा धागा उपचारांसाठी नसून एका आकड्याविषयी आहे. ताप आल्यानंतर तिसऱ्या दिवशी एका प्रयोगशाळेत त्याची आरटी-पीसीआर चाचणी झाली आणि अहवालात 'पॉझिटिव्ह'च्या पुढे 'ओआरएफ१एबी, सीटी २३' असे छापलेले होते. दोन दिवसांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा स्वॅब दिला, तेव्हा 'एन जनुक, सीटी २९' असा अहवाल आला. सीटी जितका जास्त तितका विषाणू कमी, एवढे घरातल्या सगळ्यांना ऐकून माहीत होते, म्हणून सर्वांना हायसे वाटले. डॉक्टरांनी मात्र तो आकडा वाचलासुद्धा नाही. त्यांनी ऑक्सिजनची पातळी पाहिली, श्वास मोजले आणि कागद परत दिला.

हा आकडा यंत्रातून नेमका कसा निघतो, आणि २३ चे २९ झाले म्हणजे विषाणू किती कमी झाला हे सांगता येते का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

गणितवेडा

यात अवघड काहीच नाही. पीसीआरमध्ये प्रत्येक चक्रात माल दुप्पट होतो. ठरावीक पातळी गाठायला जितकी चक्रे लागली तो सीटी. सहा चक्रे जास्त लागली, म्हणजे सुरुवातीचा माल दोनाच्या सहाव्या घाताने कमी, म्हणजे ६४ पटींनी कमी. दोन दिवसांत विषाणूचा चौसष्टावा भाग उरला, ही आनंदाचीच बातमी आहे. डॉक्टरांनी आकडा का वाचला नाही, हे कोडे आहे.

पिपेटवाला

मी गेली काही वर्षे याच चाचण्यांच्या टेबलावर काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गणितवेडा यांचा गुणाकार बरोबर आहे. तो या दोन अहवालांना लावता येत नाही, एवढीच अडचण आहे, आणि ती का येते हे कळण्यासाठी यंत्राला प्रत्यक्षात काय दिसते ते आधी पाहावे लागेल.

यंत्राला विषाणू दिसत नाही. या विषाणूचा जनुकीय मजकूर आरएनएचा असतो आणि पीसीआर चालते डीएनएवर, म्हणून सर्वप्रथम साधारण ५० अंश सेल्सिअसला एक विकर आरएनएवरून डीएनएची प्रत उतरवून घेते. त्यानंतर चक्रे सुरू होतात. ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे होतात, मग तापमान ६० अंशांच्या आसपास आणले की प्रायमर नावाचे दोन छोटे तुकडे आपापल्या जागी जाऊन बसतात आणि पॉलिमरेज नावाचे विकर त्यांच्यापासून पुढे नवा धागा विणत जाते. सुमारे तीस हजार अक्षरांच्या मजकुरातली जेमतेम शंभरएक अक्षरे या दोन प्रायमरांच्या मध्ये येतात आणि तेवढ्याच भागाच्या प्रती वाढत जातात.

पण प्रती वाढल्या हे बाहेर कळणार कसे? त्यासाठी त्या शंभर अक्षरांच्या मधोमध बसणारा आणखी एक तुकडा मिश्रणात असतो, त्याला प्रोब म्हणतात. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग असतो आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळून टाकणारा रेणू. दोघे जवळ असेपर्यंत अंधार. पॉलिमरेज विणत विणत प्रोबपर्यंत पोहोचले की ते वाटेतला प्रोब कुरतडते, रंग सुटा होतो आणि उजेड दिसतो. एक नवी प्रत, एक सुटा रंग. यंत्र प्रत्येक चक्राच्या शेवटी हा उजेड मोजते, बाकी काही मोजत नाही.

सुरुवातीच्या चक्रांत हा उजेड इतका क्षीण असतो की मिश्रणाच्या मूळच्या मंद प्रकाशात तो हरवून जातो. दुप्पट होणे तेव्हाही चालूच असते, फक्त ते दिसत नाही. मग एका टप्प्यावर आलेख उचल खातो, झपाट्याने चढतो आणि शेवटी साहित्य संपत आल्यामुळे सपाट होतो. त्या चढणीवर एक आडवी रेघ मारलेली असते. आलेखाने ती रेघ ज्या चक्राला ओलांडली, तो सीटी. भावाच्या पहिल्या नमुन्यात तो क्षण २३ व्या चक्राला आला. आदर्श परिस्थितीत तोवर मूळच्या प्रत्येक प्रतीच्या सुमारे ८४ लाख प्रती झालेल्या असतात.

आता ती रेघ कोण मारते? कधी सॉफ्टवेअर आपोआप, कधी किट बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या उंचीवर, कधी तंत्रज्ञ स्वतःच्या हाताने. रेघ थोडी वर सरकवली की त्या प्लेटवरचे सगळे सीटी वाढतात, नमुन्यात मात्र काहीही बदललेले नसते.

सावळाराम

मूळ प्रश्न राहू द्या. मी असे वाचले आहे की ४० चक्रे फिरवली तर कोणाचाही अहवाल पॉझिटिव्ह येतो, अगदी साध्या पाण्यातसुद्धा विषाणू सापडतो. मग २३ काय आणि २९ काय, या आकड्यांना अर्थ तो काय?

पिपेटवाला

सावळाराम, पाण्याची ही परीक्षा आम्ही रोज घेतो. नमुने एकत्र लावायच्या प्रत्येक प्लेटवर वेल नावाचे छोटे खळगे असतात, त्यातल्या एका वेलमध्ये नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घातलेले असते, आणि तेही इतरांबरोबर तीच ४० किंवा ४५ चक्रे फिरते. त्याचा आलेख शेवटपर्यंत जमिनीला चिकटून राहिला पाहिजे. शून्याची कितीही वेळा दुप्पट केली तरी शून्यच उरते. पाण्याचा आलेख उठला, तर त्या प्लेटवरचा एकही पॉझिटिव्ह अहवाल बाहेर जाऊ देता येत नाही.

तरीही तुमची शंका अगदीच निराधार नाही. समजा एका वेलमध्ये सीटी १७ चा नमुना आहे आणि शेजारी निगेटिव्ह माणसाचा. १७ आणि ३७ यांच्यात वीस चक्रांचे अंतर आहे, म्हणजे सुमारे दहा लाख पटींचे. शेजारच्या वेलमधल्या आरएनएचा दहा लाखांवा भाग जरी इकडे उडाला, तरी निरोगी माणसाच्या नावापुढे ३७ उमटू शकतो. म्हणूनच उशिरा आलेला आकडा दिसला की आम्ही आधी शेजारी कोण बसले आहे ते पाहतो, आणि शंका वाटली तर मूळ नळीतून नव्याने आरएनए काढून चाचणी पुन्हा लावतो.

दुसरी फसवणूक आलेखाच्या आकारावरून पकडता येते. काही वेळा प्रोब आपोआप थोडा थोडा तुटत जातो आणि उजेड सावकाश, सरळ रेषेत वर सरकत ३८-३९ च्या सुमारास रेघ ओलांडतो. खऱ्या वाढीला वळण असते, ती उचल खाते. सरळ चढणारी रेषा म्हणजे विषाणू नव्हे. अहवालात आकडा छापला जातो, आलेख छापला जात नाही, त्यामुळे हा फरक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

गणितवेडा

मान्य, रेघेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण रेघेमुळे एखाद-दुसऱ्या चक्राचाच फरक पडेल ना? सहा चक्रे कशी भरून निघतील? शिवाय सीटीवरून उलट गणित करून थेट विषाणूंची संख्याच का काढत नाहीत?

पिपेटवाला

उलट गणित करता येते, पण त्यासाठी त्याच किटवर आणि त्याच यंत्रावर आधी मोजपट्टी तयार करावी लागते. प्रतींची संख्या ठाऊक असलेले द्रावण घेऊन ते दर वेळी दहापट पातळ करत जायचे आणि प्रत्येकाचा सीटी पाहायचा. समजा दहा लाख प्रतींना १७ आला, तर एक लाखाला साधारण २०.३, दहा हजारांना २३.६, असे दर दहापटीला सुमारे ३.३ चक्रे पुढे सरकत शंभर प्रतींना ३०.३ येतो आणि एका प्रतीला ३७ च्या आसपास. ही पट्टी सोबत असेल तरच सीटीला एकक मिळते. नेहमीच्या निदानाच्या चाचणीत ती नसते, कारण तिथे विचारलेला प्रश्न 'आहे की नाही' एवढाच असतो.

आता सहा चक्रांकडे वळतो. एक उदाहरण सोडवून दाखवतो. यातली मापे पारिजात यांच्या प्रयोगशाळांची आहेत असा माझा दावा नाही, पण दोन्ही प्रकारची मापे वापरात असतात.

पहिल्या ठिकाणी स्वॅब २ मिलिलिटर द्रवात बुडवला. त्यातला ४०० मायक्रोलिटर द्रव घेऊन आरएनए काढला आणि तो ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवला, त्यातले १० मायक्रोलिटर वेलमध्ये घातले. म्हणजे नळीत जे होते त्याचा पाचवा भाग काढला आणि त्याचा पुन्हा पाचवा भाग तपासला. एकूण पंचविसावा भाग. दुसऱ्या ठिकाणी स्वॅब ३ मिलिलिटरमध्ये बुडवला, त्यातले २०० मायक्रोलिटर घेतले, तो आरएनएही ५० मध्येच उतरवला आणि वेलमध्ये ५ मायक्रोलिटर घातले. पंधरावा भाग, आणि त्याचा दहावा. एकूण दीडशेवा भाग. एकाच नाकातून एकाच क्षणी सारखाच माल आला असता, तरी दुसऱ्या वेलमध्ये सहापट कमी पडला असता. सहापट म्हणजे सुमारे २.६ चक्रे. विषाणू तसूभरही न हलता २३ चा जवळजवळ २५.६ झाला.

उरली ३.४ चक्रे, म्हणजे साधारण दहापट. तेवढा फरक एकट्या स्वॅबमुळे पडू शकतो. एकाने स्वॅब नाकात पार मागपर्यंत नेऊन फिरवला, दुसऱ्याने पुढच्या भागातच टेकवून काढला, की झाले. पारिजात, दुसऱ्या अहवालावर 'इंटर्नल कंट्रोल' किंवा 'आरएनेज पी' असे काही छापले आहे का? ते बहुतेकदा माणसाचे स्वतःचे जनुक असते, आणि त्याचा सीटी पाहून स्वॅबवर माणसाच्या पेशी किती आल्या होत्या याचा अंदाज येतो.

मृण्मयी

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, पण इथेच विचारते. बरी झाल्यानंतर पाच आठवड्यांनी मला चाचणी द्यावी लागली. सोमवारी सीटी ३६, पॉझिटिव्ह. बुधवारी निगेटिव्ह. शुक्रवारी पुन्हा ३५, पॉझिटिव्ह. तिन्ही चाचण्या एकाच प्रयोगशाळेतल्या. मला एका आठवड्यात दोनदा संसर्ग झाला, की प्रयोगशाळेने दोनदा चूक केली?

गणितवेडा

याचे उत्तर मी देऊ शकतो, कारण इथे माझे गणित चालते. ३६-३७ म्हणजे वेलमध्ये सरासरी एक-दोन प्रती, असे वर आलेच आहे. आता सरासरी एक प्रत याचा अर्थ प्रत्येक वेलमध्ये नेमकी एक, असा होत नाही. एखाद्यात दोन पडतील, एखाद्यात एकही नाही. सरासरी एक असेल तर सुमारे ३७ टक्के वेळा वेल रिकामाच राहतो. सरासरी तीन असेल तरी दर वीस वेळांत एकदा तो रिकामा सापडतो. तेव्हा पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, पॉझिटिव्ह ही मालिका कोणाचीही चूक नसताना येऊ शकते. तुमच्या नाकातली परिस्थिती आठवडाभर तीच असेल, नाणे तेवढे तीनदा उडवले गेले.

ओपीडीतली

गणितवेडा यांचे म्हणणे मला पटते. डॉक्टर म्हणून त्यात एक भर घालते. मृण्मयी, पाच आठवड्यांनी सापडलेला आरएनए म्हणजे जिवंत विषाणू असेलच असे नाही. ही चाचणी शंभर अक्षरांचा तुकडा शोधते, तो अखंड विषाणूतला आहे की मेलेल्या पेशींच्या कचऱ्यातला, हे तिला कळत नाही. आजार सौम्य असेल तर लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण दहा दिवसांनंतरच्या नमुन्यांतून पेशींवर विषाणू वाढवून पाहायला गेले की तो क्वचितच वाढतो, पीसीआर मात्र कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते.

पण म्हणून '३५ च्या पुढे म्हणजे काळजी नाही' असा नियम कृपा करून कोणी करू नये. संसर्गाच्या अगदी सुरुवातीलाही सीटी ३५-३६ च असतो, आणि दुसऱ्या दिवशी तो २४ वर येऊ शकतो. डोंगर चढणारा आणि उतरणारा, दोघेही एका उंचीवर भेटतात. एका आकड्यावरून कोण कुठे चालला आहे ते कळत नाही. मृण्मयी यांच्या बाबतीत पाच आठवड्यांचा इतिहास आहे म्हणून मी उतरणीकडे झुकते. तोच ३६ कालच घसा दुखू लागलेल्या माणसाचा असता, तर मी त्याला घरीच थांबायला सांगितले असते.

पारिजात यांच्या डॉक्टरांनी आकडा का वाचला नाही, याचेही उत्तर जवळपास हेच आहे. स्वॅब नाकातला असतो आणि पाचव्या दिवशी मला काळजी असते फुप्फुसांची. नाकातला विषाणू उतरणीला लागलेला असताना दुसऱ्या आठवड्यात न्यूमोनिया बळावलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि १६ सीटी असूनही दोन दिवसांत ताप उतरलेले तरुणही पाहिले आहेत. मोठ्या गटांच्या सरासरीत कमी सीटी आणि गंभीर आजार यांचा थोडाफार संबंध दिसतो, पण समोर बसलेल्या एका माणसाविषयी त्यावरून मला काहीही ठरवता येत नाही. माझ्या मते अहवालावर सीटी छापूच नये. लोक त्याला गुणपत्रिका समजतात.

पिपेटवाला

इथे माझे मत वेगळे आहे. आकडा लपवण्याऐवजी तो पुरता छापावा, म्हणजे कोणते किट, कोणते जनुक, रेघ कशी मारली आणि माणसाच्या जनुकाचा सीटी किती, हे सगळे सोबत द्यावे. १७ चा पॉझिटिव्ह आणि ३८ चा पॉझिटिव्ह यांना एकाच शब्दात गुंडाळले, तर नंतर त्या अहवालाविषयी शंका घ्यायला जागाच उरत नाही. मृण्मयी यांच्या बाबतीत ३६ हा आकडाच छापलेला नसता, तर तुम्ही दोघांनी दिलेले उत्तर देता आले असते का?

ओपीडीतली

देता आले असते, इतिहास विचारून. पण तुमचा मुद्दा अगदीच खोडून काढता येणार नाही. मला तो आकडा हवा तेव्हा मी प्रयोगशाळेला फोन करून विचारते. तो थेट रुग्णाच्या हाती जावा का, याविषयी आपले एकमत होईल असे वाटत नाही.

पारिजात

दुसऱ्या अहवालावर फक्त 'इंटर्नल कंट्रोल: वैध' एवढेच होते. विचारल्यावर तिथल्या तंत्रज्ञांनी आकडा दिला. माणसाच्या जनुकाचा सीटी ३२. त्यांच्याकडे तो सहसा २५ ते २७ च्या दरम्यान असतो, असेही त्या म्हणाल्या. पहिल्या प्रयोगशाळेच्या किटमध्ये हा कंट्रोल बाहेरून घातलेल्या कृत्रिम आरएनएचा असतो, म्हणजे त्यावरून आरएनए काढण्याची क्रिया नीट झाली एवढेच कळते, स्वॅबवर पेशी आल्या होत्या की नाही हे कळत नाही. वेलमध्ये किती मायक्रोलिटर घातले ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

म्हणजे दुसरा स्वॅबच नीट घेतला गेला नव्हता, असे समजायचे का?

पिपेटवाला

बहुधा तसेच. २७ धरला तरी पाच चक्रे उशीर झाला, म्हणजे नेहमीपेक्षा साधारण ३२ पट कमी पेशी हाती लागल्या. त्या २९ मधला मोठा हिस्सा विषाणू घटल्यामुळे नसून स्वॅबमुळे आलेला असू शकतो. '२९ मधून पाच वजा करा आणि २४ धरा' असे मात्र मी म्हणणार नाही, कारण विषाणू पेशींप्रमाणेच स्रावातही तरंगत असतो आणि दोघांचे प्रमाण ठरलेले नसते.

आणखी एक गुंता आहे, तो उलट दिशेने ओढतो. पहिला आकडा ओआरएफ१एबी या जनुकाचा आहे आणि दुसरा एन जनुकाचा. हा विषाणू पेशीत वाढत असताना आपल्या पूर्ण मजकुराबरोबर काही छोट्या प्रतीही काढतो. एन जनुक त्या छोट्या प्रतींतही असते, ओआरएफ१एबी फक्त पूर्ण मजकुरात असते. त्यामुळे दोन्हींचे प्रायमर सारख्याच क्षमतेचे असतील, तर एका नमुन्यात एनचा सीटी आधी यायला हवा. म्हणजे त्या दुसऱ्या स्वॅबवर ओआरएफ१एबी तपासला असता, तर कदाचित २९ पेक्षाही जास्त आला असता. आता सांगा, २३ वजा करायचे ते कशातून?

गणितवेडा

६४ मागे घेतो. शेवटचा एकच प्रश्न. जनुक, किट, यंत्र, रेघ, द्रवाचे प्रमाण हे सगळे अगदी तेच ठेवले, तर किती चक्रांचा फरक खरा मानायचा?

पिपेटवाला

एकाच नळीतला आरएनए दोन वेलमध्ये घातला, तर २५ च्या आसपास अर्ध्या चक्राच्या आत आकडे जुळले पाहिजेत. ३५ च्या पुढे दीड-दोन चक्रांचा फरक पडला तरी मला आश्चर्य वाटत नाही, कारण तिथे तुम्ही सांगितलेले नाणे उडू लागते. पण हे एकाच नळीचे झाले. दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेले दोन स्वॅब असतील, तर स्वॅब घेणाऱ्या हाताचा हिशेब कुठल्याच सूत्रात बसत नाही, आणि तीन-चार चक्रांच्या फरकावर मी स्वतः काही ठरवणार नाही.

सावळाराम

पाण्याच्या वेलचे मला पटले. पण ती प्लेट रद्द केली की नाही, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखायचे?

पिपेटवाला

अहवालावरून ओळखता येत नाही. प्लेटचे सगळे आलेख यंत्राच्या फाइलमध्ये साठवलेले असतात आणि तपासणीला आलेल्या माणसाला ते दाखवावे लागतात, पण रुग्णाने मागितले तर मिळतीलच अशी खात्री मी देऊ शकत नाही.

पारिजात

पहिल्या प्रयोगशाळेकडे त्या दिवशीचा आलेख आणि द्रवाची मापे लेखी मागितली आहेत. उत्तर आले तर इथेच टाकीन.